आमची वाटचाल: एका रविवारची सहा पानं

2011 साली हिंगणा रोडवर एका गाळ्यात कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक फोनवरूनच मिळायचं. कुणाचा बेल्ट तुटला, कुणाचा व्हॉल्व्ह गेला, की आम्ही पिशवी उचलून निघायचो. पुढे कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेची गळती शोधण्याचं काम हाती घेतलं आणि अडचण आली. बंद पडलेलं यंत्र मालकाला दिसतं, गळती दिसत नाही. ती पटवायची तर आधी केलेलं काम दाखवायला हवं. म्हणून भाचीला सोबत घेऊन पहिलं सादरीकरण तयार केलं.

त्यात एका कारखान्याचं मे महिन्याचं आणि डिसेंबरचं वीजबिल शेजारी शेजारी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘28 टक्के बचत’. बुटीबोरीच्या एका कारखान्यात ते दाखवलं. तिथले प्लांट मॅनेजर शांतपणे म्हणाले, “भाऊ, मे महिन्यात नागपुरात कूलर, पंखे, चिलर सगळं चालू असते. डिसेंबरात यातलं काय चालते? अन् उत्पादन किती होतं दोन्ही महिन्यांत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. काम आम्ही खरंच चांगलं केलं होतं, पण त्यातून किती वीज वाचली हे मलाच ठाऊक नव्हतं. ती ऑर्डर गेली.

त्यानंतरचं काम हिंगणा एमआयडीसीतल्या प्लास्टिक पॅकेजिंगच्या कारखान्याचं होतं. 37 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर, दोन पाळ्या, रविवारी सुट्टी. या वेळी ठरवलं, की ‘आधी’चा आकडा हाती आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. एकदा गळती बुजली की ‘आधी’ परत मोजता येत नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॉम्प्रेसरच्या पुरवठ्यावर वेगळं वीजमीटर बसवलं. कारखान्याच्या एकूण बिलात हवा, साचे, दिवे सगळं मिसळलेलं असतं, त्यातून आपलं काम वेगळं काढता येत नाही. बारा कामाचे दिवस नोंद घेतली. सरासरी आली दिवसाला 573 युनिट.

मधल्या रविवारी गळतीची चाचणी केली. सगळी यंत्रं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. कुणीच हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर लोडवर गेला, म्हणजे हवा भरू लागला, तर ती सगळी हवा गळतीतच जाते. आमचा फिटर घड्याळ धरून उभा होता. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड, परत दीड मिनिट. दहा फेऱ्या मोजल्या. पाच मिनिटांतली दीड मिनिटं लोड, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेपैकी 30 टक्के हवा गळत होती. फिटर म्हणाला, “मशीन सारी बंद, मंग हे कोणासाठी धापा टाकून राहिलं?” हे वाक्य आम्ही जसंच्या तसं नव्या सादरीकरणाच्या दुसऱ्या पानाचं शीर्षक केलं. खाली रिकाम्या शॉप फ्लोअरचा फोटो आणि एकच आकडा, 30 टक्के. पहिल्या पानावर कारखाना कसला, कॉम्प्रेसर किती मोठा, पाळ्या किती, एवढंच आहे. बघणाऱ्याला ‘हे आपल्यासारखंच आहे’ किंवा ‘नाही’ हे तिथेच कळायला हवं.

मग काम. अल्ट्रासॉनिक यंत्रानं जागा शोधायची, साबणाच्या पाण्यानं खात्री करायची आणि नंबराचा टॅग बांधायचा. 41 टॅग लागले. बहुतेक क्विक कपलिंगवर, फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीवर आणि जुन्या होजच्या क्लिपांवर होते. एक ऑटो ड्रेन उघडाच अडकला होता. 33 जागा दुरुस्त झाल्या. आठ जागा यंत्रांच्या हवेवर चालणाऱ्या सिलिंडरच्या आत होत्या. तिथे सील किट लागतं आणि यंत्र दिवसभर बंद ठेवावं लागतं, म्हणून त्या राहिल्या. भाचीनं विचारलं, “मामा, हे आठ कशाला दाखवायचे?” मी म्हटलं, तिसऱ्या पानावर 33 जितक्या ठळक, तितक्याच आठ ठळक लिही. कारखान्यात रोज वावरणाऱ्या माणसाला सगळ्या गळत्या एका आठवड्यात बंद होत नाहीत हे ठाऊक असतं.

प्रेशरची सेटिंग मुद्दाम तीच ठेवली. प्रेशर उतरवलं की वीज वाचतेच, पण दोन्ही एकदम केलं असतं तर कशानं किती वाचलं हे सांगता आलं नसतं.

पुन्हा बारा दिवस मीटर पाहिलं. 483 युनिट. रविवारच्या चाचणीत गळती 10 टक्क्यांवर आली होती. उत्पादनातला फरक दोन टक्क्यांच्या आत होता, तो आकडा आलेखाखालीच लिहिला.

इथे मालकांनी नेमका प्रश्न केला. गळती क्षमतेच्या 20 टक्क्यांनी घटली, मग वीज साधारण 16 टक्केच का? कारण अनलोडवर कॉम्प्रेसर हवा देत नाही, पण मोटर फिरतच असते. आमच्या मोजणीत लोडवर सुमारे 40 किलोवॅट आणि अनलोडवर सुमारे 12 किलोवॅट जात होते. वाचलेली हवा पूर्णपणे वाचलेल्या विजेत बदलत नाही. हे चौथ्या पानावर दोन ओळींत लिहिलं, कारण जाणकार माणूस हे विचारणारच.

त्याच पानावरचा आलेख भाचीनं करून आणला तेव्हा मी दचकलो. 573 चा खांब उंच आणि 483 चा जेमतेम पावच. उभा अक्ष 450 पासून सुरू झाला होता, सॉफ्टवेअरनं तो आपोआप तसा घेतला होता. सहावा हिस्सा बचत पाऊण हिस्सा दिसत होती. शून्यापासून सुरू केल्यावर दोन खांबांतला फरक लहान दिसू लागला. भाची हिरमुसली, पण खरा फरक तेवढाच होता.

पाचव्या पानावर रुपये. रोजची 90 युनिट, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 2340 युनिट. दर त्यांच्याच बिलातून काढला, सरासरी 9 रुपये. महिन्याला सुमारे 21 हजार. खर्च 38 हजार, म्हणजे दोन महिन्यांच्या आत वसूल. हा हिशेब त्यांच्या अकाउंटंटनं तपासला आणि मगच पान पक्कं केलं. नाव छापायला मालक तयार नव्हते, ते आम्ही मानलं. लोकांनी कधी नाव विचारून अडवलं नाही, मोजलं कसं हे मात्र दर वेळी विचारतात.

सहावं पान सुरुवातीला नव्हतं. तीन महिन्यांनी परत चाचणी केली तर गळती 14 टक्के निघाली. होज झिजतात, कपलिंग सैल होतात. तो आकडा आम्ही तसाच शेवटच्या पानावर घातला. बुटीबोरीच्या त्याच प्लांट मॅनेजरना पुन्हा भेटलो तेव्हा ते त्या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबले. नंतर विचारलं, “दर तीन महिन्यांनी येऊन मोजाल का?” वार्षिक देखभालीचा आमचा पहिला करार तो.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात आता मेंटेनन्सचा मुलगा महिन्यातल्या पहिल्या रविवारी स्वतःच घड्याळ घेऊन उभा राहतो. कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि टक्के लिहितो. मागच्या खेपेला 11 होतं.