दोन बोटांचं अंतर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आजोबांच्या दुकानातली वजनं निघाली. इंदूरच्या मल्हारगंजातलं ते किराणा दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली. तराजू कुणी नेला ठाऊक नाही, पण वजनं मात्र तरटात गुंडाळून जपलेली. बिडाची, सहा कोनांची, बुडाशी शिशाचा ठिपका आणि त्यावर सरकारी शिक्का. पुतण्यानं एका हातात किलोचं घेतलं, दुसऱ्या हातात शंभर ग्रॅमचं, आणि विचारलं, "काका, दोन्ही गच्चीवरून सोडली तर आधी कुठलं पडेल?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारचे नाना बोलले. नाना बँकेतून रिटायर झालेत आणि सकाळचा चहा आमच्याकडे घेतात. "यात विचारायचं काय? दहापट जड आहे ते. धाडकन येणार."

"एकदम पडतील," मी म्हटलं.

"भिया, शाळेत सगळेच असं लिहितात. मार्क मिळतात म्हणून. लाव पैज, किलोभर जलेबी."

खरं सांगायचं तर नानांचं चूक वाटत नाही. तळहातावर दोन्ही वजनं ठेवून पाहा. किलोचं हाताला खाली ओढतं आणि हात सांगतो की याला खाली जायची घाई आहे. ही साक्ष खोटी नाही, अर्धी आहे. पृथ्वी किलोला दहापट जोरानं ओढते हे हाताला कळतं. पण त्याला जागचं हलवायलाही दहापट जोर लागतो, हे नुसतं धरून उभं राहिल्यानं कळत नाही. सियागंजात भरलेला ठेला ढकलणाऱ्याला विचारा. एका पोत्याला एक माणूस आणि दहा पोत्यांना दहा माणसं लावली, तर दोन्ही ठेले सारखेच पळतात.

आमच्या गच्चीचा कठडा अंगणापासून सोळा फूट. ही उंची सोयीची आहे, कारण सोळा फूट पडायला जवळजवळ बरोबर एक सेकंद लागतो. खाली तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण ठेवलं आणि बायकोला, मांजराला, सगळ्यांना अंगणातून हलवलं. नाना खाली, कान टवकारून.

पहिल्या खेपेला मी हरलो. पुतण्यानं दोन हातांनी दोन वजनं सोडली आणि साफ दोन आवाज आले. तेही उलटे: छोटं आधी, मोठं मागून! नानाही गोंधळले. पण यात निसर्गाचा दोष नाही, मुठीचा आहे. जड वस्तू घट्ट धरावी लागते आणि घट्ट मूठ उघडायला किंचित जास्त वेळ घेते. हा किंचितपणा महाग पडतो. समजा एक वजन सेकंदाच्या विसाव्या भागाइतकं उशिरा सुटलं. तेवढ्या वेळात पहिलं जेमतेम सव्वा सेंटिमीटर खाली गेलेलं असतं, म्हणजे बोटभर. पण ते पुढे आहे म्हणजे वेगातही पुढे आहे, त्यामुळे अंतर वाढत जातं आणि जमिनीशी येईपर्यंत जवळजवळ अर्धा मीटर होतं. वर बोटभर, खाली हातभर.

मग मूठच काढून टाकली. दोन्ही वजनं कठड्याच्या कडेला शेजारी शेजारी ठेवली आणि मागून एकाच लाकडी पट्टीनं दोन्ही ढकलली. ढकलल्यामुळे ती थोडी पुढे जाऊन पडतात, पण आडवं जाण्यानं खाली पडायच्या वेळात फरक पडत नाही. झाकण तेवढं पुढे सरकवलं.

एकच आवाज. तीनदा केलं, तिन्ही वेळा एकच. झाकणाला दोन पोचे मात्र निरनिराळे, एक वाटीएवढा, एक बिल्ल्याएवढा.

हे आमचं डोकं नव्हे. डच गणितज्ञ सिमोन स्टेविन यानं डेल्फ्ट गावात मित्राबरोबर शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट, तीस फुटांवरून फळीवर सोडले आणि आवाज एकच ऐकला. ते त्यानं १५८६ साली छापलं. गॅलिलिओनं पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे सोडल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती घडली का यावर इतिहासकारांचं एकमत नाही. स्टेविनच्या फळीचं नाव कुणी घेत नाही.

नाना गप्प बसतील तर ते नाना कसले. घरी गेले आणि अर्ध्या लिटरच्या दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन आले, एक काठोकाठ भरलेली, एक रिकामी, दोन्हींना बूच. "आकार सारखा ना? सोड आता." पट्टीनं ढकलल्या. भरलेली आपटून फुटली, नानांच्या धोतरावर पाणी उडालं, आणि रिकामी चांगली मागे राहून टणकन पडली. नानांनी ओल्या धोतरानिशी माझ्याकडे बघितलं.

इथे पुष्कळ जण "ती हवा हो" म्हणून हात झटकतात. मला ते पटत नाही, कारण नानांनी बघितलं ते खरं होतं. हवेत, सारख्या आकाराच्या वस्तूंत, जड वस्तू थोडी पुढे जातेच. सारख्या वेगाला हवा दोन्ही बाटल्यांना सारखंच अडवते. पण वीस ग्रॅमच्या बाटलीला खाली ओढणारा जोरच इतका कमी, की त्यातला मोठा वाटा हवा खाऊन टाकते. भरलेल्या बाटलीला तेवढंच अडवणं जाणवतही नाही. आमच्या वजनांनाही हे लागू आहे. कागदावर हिशेब केला तर किलोचं वजन एक-दीड सेंटिमीटर आधी पोचत असणार. कानाला ते कळत नाही एवढंच.

पण प्रश्न किती मागे, हा आहे. भरलेली बाटली रिकामीच्या सव्वीसपट जड. जड तितकं वेगानं, हा नानांचा नियम खरा असता तर भरलेली आपटली त्या क्षणी रिकामी कठड्यापासून फक्त वीतभर खाली असायला हवी होती. ती तर खालच्या खिडकीच्याही खाली आलेली होती.

हाच वाद गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या एका संवादात लिहून ठेवलाय. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: ॲरिस्टॉटलच्या मते शंभर पौंडांचा गोळा शंभर हात खाली येईपर्यंत एक पौंडाचा फक्त एक हात उतरतो. करून बघितलं तर मोठा गोळा दोन बोटं पुढे असतो. आता त्या दोन बोटांच्या आड ॲरिस्टॉटलचे नव्व्याण्णव हात लपवू नका. मला यात आवडतं ते हे, की त्यानं दोन बोटं नाकारली नाहीत.

पुतण्याला हे सगळं जड गेलं. त्यानं शंभर ग्रॅमची सगळी वजनं शोधली, चारच निघाली, ती ओळीनं कठड्यावर मांडून ढकलली. चारही एकदम. मग सुतळीनं चारही एकत्र बांधली. "आता हे चारशे ग्रॅम झालं ना? पण ही तर तशीच पडणार. सुतळी काय त्यांना खाली ओढते का?" नानांनी चष्मा काढून पुसला आणि काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जलेबी घेऊन आले. पुडी हाताला हलकी लागली. मी उघडून बघितली, शंभर ग्रॅम असेल.

"किलोची पैज होती, नाना."

"तूच म्हणालास ना," नाना पोह्यांची बशी ओढत म्हणाले, "किलो काय नि शंभर ग्रॅम काय, एकाच वेळी पोचतात."