साडेबारा अधिक साडेअकरा

आमच्या परीक्षा विभागात निकालाच्या आदल्या दिवशी एक जुनी पद्धत आहे. संगणकावर निकाल तयार झाला की काठावरच्या दहा उत्तरपत्रिका गठ्ठ्यातून काढायच्या आणि प्रश्नवार गुणांची बेरीज हाताने करून पाहायची. पुण्यातल्या या स्वायत्त महाविद्यालयात मी बारा वर्षं आहे आणि दर सत्राला मी हे करते. बहुतेक वेळा काही सापडत नाही. त्या जानेवारीत तिसरीच पत्रिका हातात घेतली आणि मी थांबले.

विषय प्रथम वर्ष वाणिज्यचा गणित-संख्याशास्त्र. लेखी पेपर 70 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 28. पेपरचे दोन विभाग, प्रत्येकी 35 गुणांचे. दोन्हींच्या उत्तरपत्रिका वेगळ्या आणि तपासणारे परीक्षकही वेगळे. आमच्या नियमाप्रमाणे एका विषयात जास्तीत जास्त 3 ग्रेस मिळतात आणि सगळ्या विषयांत मिळून 6. म्हणजे 25 ही शेवटची पायरी. 25 असतील तर ग्रेस लावून 28 होतात. 24 असतील तर नापास.

त्या मुलाला निकालपत्रकात 25 होते. पहिल्या विभागाच्या मुखपृष्ठावर लाल शाईत 13, दुसऱ्यावर 12. आत मात्र प्रश्नवार बेरीज पहिल्याची साडेबारा येत होती आणि दुसऱ्याची साडेअकरा. दोन्ही परीक्षकांनी आपापला अर्धा गुण वर नेला होता. त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण मुखपृष्ठावरच्या चौकटीत 'एकूण गुण (पूर्णांकात)' असं आम्हीच छापलेलं होतं. मुलाचे खरे गुण होते 24.

अपूर्णांक पूर्ण करायचा तो एकदाच आणि अंतिम बेरजेवर, हे नियमात स्पष्ट आहे. साडेचोवीसचे पंचवीस करणं बरोबर. पण दोन तुकडे वेगवेगळे वर नेले की ज्याच्या बेरजेत अपूर्णांकच नाही त्याला अख्खा एक गुण फुकट मिळतो. त्यावर ग्रेसचे 3 चढले की चार गुणांनी कमी पडलेला मुलगा पास होतो आणि कागदावर फक्त तीनच दिसतात.

मी काकांना फाइल उघडायला सांगितली. काका आमचे सर्वात जुने लेखनिक. त्यांनी विभागवार गुणांचे दोन रकाने वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, यात एकही अर्धा नाही हो." 1,180 मुलं, परीक्षक अर्धा-अर्धा गुण देतात हे आम्हा सगळ्यांना माहीत, आणि फाइलमध्ये एकही अर्धा नाही. हे आधीच खटकायला हवं होतं. उत्तीर्णांच्या टक्क्यावरून यातलं काहीच कळलं नसतं. गुणांचा आलेख काढला असता तरी तो नेहमीसारखाच दिसला असता, कारण फक्त काठावर नाही, सगळीकडेच काही मुलं एकेका गुणाने वर सरकली होती.

दुपारी आम्ही 25 गुण असलेल्या सगळ्या पत्रिका काढल्या. त्या 41 निघाल्या. चुकीने वाढू शकतो तो जास्तीत जास्त एक गुण, म्हणून उत्तीर्णतेपुरतं बघायचं तर धोका 25 वरच होता. सहा वाजेपर्यंत मी, काका आणि एक शिकाऊ मुलगी बेरजा करत बसलो. 41 पैकी 30 जण एकदाच वर नेलं तरी 25 वरच राहिले. 11 जण मुळात 24 वर होते, दोन्हीकडे अर्धा-अर्धा असलेले.

मग 28 वरच्या काढल्या. त्यात नऊ मुलांचे खरे गुण 27 होते. ही मुलं 1 ग्रेस घेऊन पास होणारच होती, त्यामुळे टक्का बदलत नव्हता. पण त्यांच्या गुणपत्रिकेवर ग्रेसची खूण येणार नव्हती, आणि न वापरलेला तो एक गुण सहाच्या मर्यादेत शिल्लक राहून दुसऱ्या विषयात कामी आला असता. एका पेपरातली चूक अशी दुसऱ्या पेपरात शिरते.

परीक्षा नियंत्रक सरांसमोर मी तीन आकडे ठेवले. ग्रेस आणि पूर्णांक दोन्ही न लावता 742 उत्तीर्ण, म्हणजे 62.9 टक्के. बेरीज एकदा पूर्णांकात आणल्यावर 760, म्हणजे 64.4 टक्के. ग्रेसनंतर 864, म्हणजे 73.2 टक्के. तयार फाइलमध्ये होते 875, म्हणजे 74.2.

बैठकीत एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "एका टक्क्याचा प्रश्न आहे, मुलांचं वर्ष कशाला अडवायचं?" दुसऱ्यांनी सुचवलं की या विषयापुरते ग्रेस 4 करून टाका, म्हणजे ती अकरा मुलं नियमातच बसतील. मुलांबद्दलची त्यांची कळकळ खरी होती, हे मला मान्य आहे. मी काही बोलले नाही. मी दोन मुलांच्या पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. एकाचे साडेबारा आणि साडेअकरा. दुसऱ्याचे बारा आणि बारा. दोघांचेही 24. पहिला आमच्या फाइलमध्ये पास होता आणि दुसरा नापास. दुसऱ्यासारखी आणखी दहा मुलं होती. त्यांचा दोष एवढाच की त्यांच्या गुणांत अर्धा नव्हता.

ग्रेस 4 करायचे तर ही बावीसही पास झाली असती, आणि साडेतेवीसवालेसुद्धा, कारण त्यांचे पूर्णांकात 24 होतात. मग त्यांच्या खालच्यांना काय सांगायचं? ग्रेसची रेघ कुठेही ओढली तरी तिच्या खाली कोणीतरी राहतोच. म्हणून ती निकाल बघून सरकवायची नसते. पुढच्या सत्रासाठी विद्या परिषदेत ठराव आणून ती बदलता येते, आणि तेव्हा ती सगळ्या विषयांना लागू होते. पेपरच अवघड गेला असेल तर त्यासाठी मॉडरेशन आहे, ते पेपर दिलेल्या प्रत्येकाला लागतं. ग्रेस एकेका मुलाच्या तुटीपुरते असतात. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की टक्का नेमका कशाने वाढला हे कोणालाच सांगता येत नाही.

सरांनी दोन्ही पत्रिका बराच वेळ पाहिल्या आणि निकाल दोन दिवस पुढे ढकलला.

त्या दोन दिवसांत सगळ्या 1,180 मुलांचे विभागवार गुण अर्ध्यांसह पुन्हा भरले, कारण श्रेणींच्या काठांवरही हाच प्रकार झालेला असणार होता. एकूण गुणांच्या रकान्यात हे सूत्र घातलं:

```
=ROUND(E2+F2,0)
```

त्याआधी काकांनी फक्त रकान्यातले दशांश लपवून पाहिले होते. पडद्यावर 25 दिसत होतं, पण आत 24.5 च राहिल्यामुळे तूट साडेतीन धरली गेली आणि हक्काचे ग्रेस मिळणारी मुलं नापास दाखवली गेली. काकांनी ते स्वतःच पकडलं. ग्रेसची तूट पूर्णांक केलेल्या बेरजेवरूनच मोजायची, हे त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

निकालाच्या गोषवाऱ्यात आम्ही पहिल्यांदाच तिन्ही टक्के वेगवेगळ्या रकान्यांत दिले. निकालानंतर त्या अकरांपैकी एका मुलीचे वडील खिडकीशी आले. "चारच गुणांसाठी?" त्यांनी विचारलं. मी त्यांना छायाप्रतीचा आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज दिला, शेवटची तारीख सांगितली आणि दोन्ही विभागांची बेरीज त्यांच्यासमोर करून दाखवली. त्यांनी ती माझ्याबरोबर मोजली, चष्मा वर करून, बोट एकेका प्रश्नावर ठेवत.

उत्तरपत्रिकांच्या पुढच्या छपाईत चौकटीतला मजकूर बदलला. आता तिथे 'विभागाची बेरीज (अर्ध्या गुणासह, जशीच्या तशी)' असं छापलेलं आहे.