तुम्ही विचारलंत म्हणून: तीन वर्षांनी डॉलर किती?

"सर, महागाईवरून पुढचा डॉलर काढता येतो म्हणता. मग तीन वर्षांनी किती असेल, तो एक आकडा सांगून टाका ना."

८८ रुपये ७९ पैसे. आजचा डॉलर ८५ चा धरला, आपल्याकडची महागाई वर्षाला ४ टक्के आणि अमेरिकेतली अडीच टक्के धरली, तर एवढेच येतात. गणित दोन मिनिटांचं आहे आणि ते करायला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. मी अडतो ते पुढच्या पायरीवर. हा आकडा घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत कुणी तीन वर्षांचं कोटेशन देतं, कुणी मशीनची ऑर्डर टाकतं, आणि ज्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं त्या प्रश्नावर ते वापरलं जातं.

स्प्रेडशीटमध्ये ते असं लिहायचं:

```
=85*((1+4%)/(1+2.5%))^3
```

वर आपली महागाई, खाली परक्या देशाची, कारण दर "एका डॉलरला इतके रुपये" असा मांडलाय. "एका रुपयाला इतके डॉलर" असा मांडला तर अपूर्णांक उलटा होतो. इथे चूक झाली का, हे ओळखणं सोपं आहे. ज्या देशात महागाई जास्त, त्याचं चलन उत्तरात स्वस्त झालेलं दिसायला हवं. तसं दिसलं नाही तर वरचं खाली गेलंय.

बरेच जण भागाकार न करता सरळ वजाबाकी करतात. चारातून अडीच गेले, उरले दीड, म्हणून दरवर्षी दीड टक्का वाढवायचा. तसं केलं तर ८८.८८ येतात, म्हणजे नऊ पैशांचा फरक. रुपया-डॉलरपुरतं ते चालून जातं. पण एका देशात महागाई ६० टक्के आणि दुसरीकडे ३ टक्के असेल तर वजाबाकी ५७ सांगते आणि भागाकार ५५.३. तिथे चालत नाही.

आता हे ८८.७९ म्हणजे नेमकं काय, ते कास्टिंगच्या एका नगावर बघू. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला नग १० डॉलरला जातो, म्हणजे आज ८५० रुपये हातात येतात. खर्च ७०० रुपये. उरतात १५०. तीन वर्षांत खर्च चार टक्क्यांनी वाढत ७८७ वर जाईल. तिकडचे भाव अडीच टक्क्यांनी वाढताहेत, म्हणून नगाचा भावही वाढून १०.७७ डॉलर झाला असं धरू. त्याला ८८.७९ ने गुणलं की ९५६ रुपये होतात. त्यातून ७८७ वजा केले की १६९ उरतात, आणि १६९ म्हणजे तीन वर्षांच्या आपल्या महागाईनं फुगलेले तेच १५०. फायदा नाही, तोटा नाही. क्रयशक्ती समतेचा दर म्हणजे एवढंच: आपले भाव आणि त्यांचे भाव आपापल्या वेगानं वाढले, तर तुमची जागा आहे तिथेच राहण्यासाठी डॉलर किती व्हायला हवा. "व्हायला हवा" आणि "होईल" यांत फार अंतर आहे.

याच गणितात सगळ्यात जास्त होणारी चूक लपली आहे. "डॉलर वाढणारच आहे, मग नगाचा भाव दहाच ठेवू, ऑर्डर तरी पक्की होईल," असं म्हणून तीन वर्षांचा भाव बांधून दिला जातो. मग तिसऱ्या वर्षाअखेर डॉलर अगदी सूत्राप्रमाणे ८८.७९ झाला तरी हातात ८८८ येतात, खर्च ७८७ झालेला असतो आणि उरतात १०१. सूत्र बरोबर ठरूनही १५० चे १०१ होतात. कारण या सूत्रानं येणारी रुपयाची घसरण फक्त दोन महागाईंमधला फरक भरून काढते, तुमची सगळी महागाई भरून काढत नाही. उरलेली अडीच टक्के नगाच्या डॉलरमधल्या भावातच वाढवून मागायची असते. करारात दरवर्षीच्या भाववाढीचं कलम नसेल तर डॉलरच्या अंदाजावर कितीही डोकं चालवलं तरी ही गळती थांबत नाही. मला डॉलरचा आकडा विचारणाऱ्यांनी त्याऐवजी हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

"पण तुमचं सूत्र खरं ठरतं का?" हे ओघानं येतंच. इथे मला बचाव करायचा नाही. २०२२ साल बघा.

त्या वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास होता. वर्षभरात आपल्याकडची ग्राहक महागाई सरासरी ६.७ टक्के राहिली आणि अमेरिकेतली ८ टक्के. चाळीस वर्षांत अमेरिकेनं असं बघितलं नव्हतं. महागाई त्यांची जास्त, म्हणजे सूत्राप्रमाणे घसरायचा तो डॉलर. ७४.५० ला १.०६७ ने गुणून १.०८ ने भागलं की ७३.६० येतात. वर्षअखेर डॉलर होता ८२.७० च्या घरात. चूक नऊ रुपयांची, आणि तीही उलट्या दिशेनं. जानेवारीत एक लाख डॉलरच्या सीएनसी मशीनची ऑर्डर देऊन डिसेंबरात पैसे भरणाऱ्याला सूत्राच्या आधारानं ७३ लाख ६० हजार लागायला हवे होते. प्रत्यक्षात लागले ८२ लाख ७० हजार. बँकेच्या हप्त्यांवर चालणाऱ्या छोट्या वर्कशॉपला नऊ लाख म्हणजे काय, हे सांगायला नको.

यात महागाईचा अंदाज चुकला, अशी सबबही देता येत नाही. मी वर घातलेली महागाई अंदाजाची नाही, प्रत्यक्षात झालेली आहे. दोन्ही आकडे वर्षाच्या सुरुवातीलाच अचूक कळले असते, तरी उत्तर चुकलंच असतं.

असं का झालं? अमेरिकेत महागाई भडकली म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं, मार्चपासून डिसेंबरपर्यंत व्याजदर जवळजवळ शून्यावरून साडेचार टक्क्यांपर्यंत नेला. आपला रेपो दर मे ते डिसेंबरमध्ये ४ वरून ६.२५ वर गेला, म्हणजे त्यांच्यापेक्षा कमी वाढला. परदेशी गुंतवणूकदारांनी इथले शेअर विकून डॉलर बाहेर नेले. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, तेल महागलं आणि तेलासाठी लागणाऱ्या डॉलरची मागणी वाढली. म्हणजे ज्या महागाईनं डॉलर घसरायला हवा होता, तिच्याच उपायानं तो चढला. वस्तूंचे भाव वर्षानुवर्षांत चलनाला ओढतात. व्याजाच्या मागे धावणारा पैसा ते काम एका दिवसात करतो, आणि सूत्रात त्याला जागाच नाही.

त्याच वर्षी तासगाव-मिरजेकडून युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्यांचा अनुभव वेगळा होता. त्यांचा माल युरोत विकला जातो. जानेवारीत ८४ च्या आसपास असलेला युरो सप्टेंबरअखेर ८० च्या खाली आला होता. तेव्हा रुपया "पडला" हे अर्धंच खरं होतं, मुख्यतः डॉलर चढला होता. इथे सूत्राची दिशा तरी बरोबर आली म्हणून मी समाधान मानणार होतो, पण डिसेंबरात युरो परत ८८ च्या घरात गेला. म्हणून तेही सोडून दिलं.

एका वर्षासाठी हे सूत्र निरुपयोगी आहे, असं मी आता स्पष्ट म्हणतो. मशीनचे पैसे वर्षभरात द्यायचे असतील तर बँकेत फॉरवर्ड बुक करावा, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर आजच बांधून घ्यावा. फॉरवर्डचा दर दोन देशांच्या व्याजातल्या फरकावरून ठरतो, महागाईवरून नाही. २०२२ च्या सुरुवातीला वर्षभराचा प्रीमियम, म्हणजे चालू दरावर द्यावी लागणारी वाढ, चार-साडेचार टक्के होता, म्हणजे मशीनचा डॉलर अठ्ठ्याहत्तरच्या आतच बांधता आला असता. फॉरवर्डसुद्धा भाकीत म्हणून चुकलाच. पण तो करार आहे. चुकला तरी बँक त्याच दरानं डॉलर देते.

मग लांबच्या मुदतीला तरी सूत्र धरतं का? जानेवारी २०१४ मध्ये डॉलर ६२ च्या आसपास होता. दोन्ही देशांचे ग्राहक किंमत निर्देशांक घालून जानेवारी २०२४ साठी गणित केलं तर ७७ च्या जवळ येतात. प्रत्यक्षात ८३ होता. दहा वर्षांत सहा रुपयांचा फरक मला वाईट वाटत नाही. मात्र मी पूर्वी "रुपया वर्षाला तीन टक्के उतरतोच" असं बेधडक सांगायचो आणि नंतर ते अडाणीपणाचं म्हणून सोडून दिलं. या दहा वर्षांत तोच ठोकताळा सूत्रापेक्षा अचूक निघाला. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

आणि सुरुवात कुठून धरली यावर फार काही अवलंबून असतं. मे २०१३ मध्ये डॉलर ५५ चा होता. अमेरिकी मध्यवर्ती बँक रोखेखरेदी कमी करणार असं कळलं आणि २८ ऑगस्टला तो ६८ च्या पुढे गेला. या तीन महिन्यांत भाव त्या मानानं थोडेच हलले. पण मे महिन्यापासून मोजलं तर जानेवारी २०२४ साठी सुमारे ७२ येतात, ऑगस्टपासून मोजलं तर ८५. सूत्र तेच, फरक तेरा रुपयांचा. ते गृहीत धरतं की सुरुवातीचा दर योग्य होता. तो योग्य होता का, हे सूत्र सांगू शकत नाही.

त्यासाठी गणिताआधी रिझर्व्ह बँकेच्या मासिक बुलेटिनमधला वास्तविक प्रभावी विनिमय दराचा निर्देशांक बघावा. त्यात ४० चलनांच्या तुलनेत, महागाईचा फरक धरून, रुपया कुठे आहे ते दिसतं. २०१५-१६ ला १०० धरलेत. निर्देशांक १०० च्या बराच वर असेल तर रुपया महागलाय, आणि आजचा दर पाया धरून काढलेलं उत्तर कमी पडण्याची शक्यता जास्त. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो १०८ च्या वर गेला होता. पण १०० पासूनची ही दरी किती दिवसांत भरते? अर्थशास्त्रज्ञ केनेथ रोगॉफ यांनी १९९६ मध्ये आधीच्या अभ्यासांवरून मांडलेलं अनुमान असं, की निम्मी दरी भरायलाच तीन ते पाच वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या कोटेशनची मुदत संपेपर्यंत ती फार तर अर्धी भरली असेल.

शिवाय महागाई कुठली घालायची, हा वाद संपलेला नाही. २०१२ पायाच्या आपल्या ग्राहक निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार जवळजवळ ४६ टक्के होता. टोमॅटो महागला की तो चढतो, आणि टोमॅटो काही अमेरिकेला जात नाही. फाउंड्रीवाल्यानं घाऊक किंमत निर्देशांक घ्यावा असं मी म्हणतो, कारण पिग आयर्नसारख्या कच्च्या मालाचे भाव तिथे दिसतात. पण मजुरी तिथे दिसत नाही, ती ग्राहक महागाईच्या मागे जाते. दोन्ही घालून दोन उत्तरं काढा, आणि कोटेशन त्यांतल्या डॉलरच्या कमी दरावरही तगतं का ते पाहा. तगत नसेल तर भाववाढीचं कलम घालून घ्या. गिऱ्हाईक कलमाला तयार नसेल तर ऑर्डर घ्यावी की सोडावी, हेही मला विचारलं जातं. त्याचं उत्तर डॉलरच्या कुठल्याच आकड्यात नाही, आणि ते माझ्याकडेही नाही.