ग्राफ हिरवा, खातं लाल

"स्ट्रॅटेजी बिल्डरच्या ग्राफवर तर तुमच्या मावसभावाला नफा दिसत होता. शेअर नफ्याच्या पट्ट्याच्या बाहेर गेलाच नाही. मग लॉस कसा झाला? आणि तुम्ही सगळ्यांना बिल्डर वापरू नका म्हणता, ते काय म्हणून?"

असा प्रश्न मला विचारला जातो. बिल्डर, म्हणजे ऑप्शनच्या ट्रेडचा नफा-तोटा ग्राफवर काढून दाखवणारं साधन, वापरू नका असं मी कधीच म्हटलेलं नाही. मी स्वतः रोज वापरतो. ट्रेडमधले सगळे लेग, म्हणजे घेतलेले-विकलेले ऑप्शन, एकाच एक्स्पायरीचे असतील, तर शेवटच्या दिवसाची रेष म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी असते आणि तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याआधीच्या दिवसांच्या रेषेशी. ती रेष काढायला बिल्डरला उद्याची आयव्ही लागते, म्हणजे शेअर किती हलेल याचा ऑप्शनच्या भावात दडलेला अंदाज, आणि ती कोणालाच माहीत नसते. मग तो आजची आयव्ही घेतो आणि तीच पुढे चालू ठेवतो. ही गोष्ट सेटिंग्जच्या कुठल्यातरी कोपऱ्यात लिहिलेली असते. ग्राफ मात्र दोन्ही रेषा सारख्याच ठसठशीत काढतो.

माझ्या मावसभावाची केस सांगतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात आधी त्यानेच विचारला होता आणि तोही चिडून. आकडे सोपे करून घेतो, व्याज धरत नाही, हिशोब तोच आहे.

शेअर 1000 ला. जवळच्या एक्स्पायरीला 7 दिवस, पुढच्या एक्स्पायरीला 35 दिवस. कंपनीचा रिझल्ट मधल्या काळात, म्हणजे जवळच्या एक्स्पायरीच्या आधी. जवळच्या ॲट-द-मनी, म्हणजे 1000 स्ट्राइकच्या, कॉलची आयव्ही 60 टक्के होती आणि भाव साधारण 33. पुढच्या महिन्याच्या त्याच स्ट्राइकच्या कॉलची आयव्ही 36.7, भाव साधारण 45. याने जवळचा विकला, लांबचा घेतला. खिशातून गेले 12.2. महागडी आयव्ही विकायची, स्वस्त विकत घ्यायची. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं!

बिल्डरने जवळच्या एक्स्पायरीच्या दिवसाचा मस्त तंबूसारखा ग्राफ काढून दाखवला. शेअर जागेवर राहिला तर 28 चा नफा, आणि वरच्या बाजूचा ब्रेकईव्हन 1087 ला. रिझल्ट आला, शेअर सात टक्के वर गेला आणि जवळच्या एक्स्पायरीला 1070 वर बंद झाला. ग्राफनुसार त्या जागी 3.7 चा नफा हवा होता. खात्यात 3.7 चा लॉस होता. तेवढाच आकडा, फक्त चिन्ह उलटं.

"दादा, ब्रोकरने भाव चुकीचा लावलाय," हे त्याचं पहिलं वाक्य. मी त्याला ऑप्शन चेन उघडायला लावली. विकलेला कॉल बरोबर 70 ला सुटला होता, त्यात वादाला जागाच नाही. घेतलेल्या कॉलचा भाव 78.5 होता, आणि बिल्डरने तो जवळपास 86 धरला होता. सगळा फरक त्या एका लेगमध्ये. त्याची आयव्ही बघितली तर 36.7 वरून 28 वर आलेली.

आता इथे जरा थांबा, कारण लोक इथे "आयव्ही क्रश झाला" म्हणतात आणि पुढे निघून जातात. ही पडझड आयत्या वेळी झालेली नव्हती. ती त्याने ट्रेड घेतला त्याच दिवशी भावांमध्ये लिहिलेली होती. पुढच्या महिन्याच्या 36.7 मध्ये रिझल्टच्या दिवसाचा झटका मिसळलेला होता. रिझल्ट होऊन गेल्यावर तो झटका त्यात उरणारच नाही. उरणार ते नेहमीचे 28 दिवस, आणि त्या दिवसांसाठी बाजार किती धरतोय हे कागदावर निघतं. प्रत्येक एक्स्पायरीच्या आयव्हीचा वर्ग करायचा, दिवसांनी गुणायचा, लांबच्यातून जवळचा वजा करायचा:

```
36.7² × 35 = 47141
60²   × 7  = 25200
(47141 − 25200) / 28 ≈ 784
√784 = 28
```

लांबच्या लेगची आयव्ही हाताने 28 केली की तोच तंबू बुटका होतो. मधला नफा 28 वरून 19 च्या खाली येतो आणि वरचा ब्रेकईव्हन 1087 वरून 1052 ला. आणि याच आकड्यांवरून रिझल्टला बाजार किती हालचाल धरत होता तेही निघतं: साधारण सव्वासात टक्के, वर किंवा खाली. म्हणजे बाजार ज्या अंतराला अगदी मामुली समजत होता, त्या अंतरावर हा ट्रेड लॉसमध्ये होता, आणि ग्राफ तिथे हिरवा रंग भरत होता.

अशा दोन एक्स्पायरींच्या ट्रेडला कॅलेंडर म्हणतात, आणि त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ज्याला बिल्डर "एक्स्पायरीची रेष" म्हणतो, ती इथे एक्स्पायरीची नसतेच. एक लेग संपतो, दुसरा जिवंत असतो. म्हणजे ती रेष पहिल्यापासून शेवटपर्यंत अंदाजच. एका एक्स्पायरीच्या स्प्रेडवर विश्वास ठेवायची सवय लागलेली असते, ती सवय इथे तशीच वापरली जाते. काही बिल्डर तर सगळ्या लेगना एकच आयव्ही लावतात. तिथे तर 60 आणि 36.7 मधला फरकच गायब होतो.

मी पूर्वी याच मुद्द्यावर बिल्डरची बाजू घेऊन भांडत असे. साधनाला काहीतरी धरावंच लागतं, आजची आयव्ही हे सगळ्यात निःपक्षपाती गृहीतक आहे, असं मी म्हणायचो. त्यात दम नाही असं अजूनही म्हणवत नाही. रिझल्ट जवळच्या एक्स्पायरीनंतर असता, जवळची आयव्ही 28 आणि लांबची 36.7 असती, तर तोच हिशोब जवळच्या एक्स्पायरीनंतरच्या दिवसांना 38.6 देतो. बिल्डर 36.7 धरून बसला असता, चूक छोटी झाली असती, आणि तीही आपल्या बाजूने. एकच गृहीतक, एकदा निरुपद्रवी, एकदा घातक, आणि फरक फक्त रिझल्टच्या तारखेचा. तेव्हाच्या मला मी एवढंच विचारतो: बाजार स्वतः 28 म्हणत असताना 36.7 धरणं निःपक्षपाती कसं? त्याच्याकडे उत्तर नाही. पण बिल्डरने आपणहून 28 धरावं, असंही मला ठामपणे सांगता येत नाही. मग लोक त्या 28 ला दगडावरची रेघ समजतील.

कारण 28 हा बाजाराचा अंदाजच. रिझल्ट खरंच धक्कादायक निघाला तर त्यानंतरही आयव्ही वर अडकून राहते; अगदीच मिळमिळीत निघाला तर आणखी खाली जाते. मावसभावाचा सवाल बरोबरच होता: "मग आकडा कोणता टाकू, ते सांग ना." मी एक आकडा देत नाही, यावर तो अजूनही नाराज आहे. मी तीन वेळा ग्राफ काढतो. याच ट्रेडमध्ये 24 टाकलं तर वरचा ब्रेकईव्हन 1038 च्या आसपास येतो, 28 ला 1052, 32 ला 1067. तिघांपैकी कोणताही 1087 च्या जवळ जात नाही. सव्वासात टक्क्यांच्या हालचालीसमोर या तिन्हींत जो ट्रेड घ्यावासा वाटत नाही, तो मी घेत नाही. मावसभाव घेतो कधीकधी.