2020 की 2337? एका जुन्या 18650 सेलची क्षमताचाचणी

लॅपटॉपच्या निकामी बॅटरीतून काढलेल्या सहा सेलपैकी पहिल्या सेलची चाचणी पूर्ण झाली. त्याच्या वेष्टनावर 2600 एमएएच अशी नोंद आहे. चाचणीस घेण्यापूर्वी त्याचे व्होल्टेज 3.61 होते, म्हणजे तो धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला नव्हता. दोन व्होल्टच्या खाली जाऊन दीर्घकाळ पडून राहिलेल्या सेलमध्ये आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते, म्हणून असे सेल मी चाचणीलाही घेत नाही.

पहिली चाचणी चार खणांच्या स्वस्त चार्जरवर केली. त्याने सेल पूर्ण चार्ज केला, 1 अँपिअरने 2.80 व्होल्टपर्यंत उतरवला आणि 2020 हा आकडा दाखवला. छापील क्षमतेच्या तुलनेत हे 78 टक्के होतात. 80 टक्क्यांच्या खालचा सेल पॅकसाठी घ्यायचा नाही, असा माझा नियम असल्याने तो बाजूला ठेवण्याच्याच बेतात होतो. पण खणातून काढताना ऋण टोकाकडची स्प्रिंग बोटाला चटका बसेल इतकी तापलेली लागली आणि सेल मात्र जेमतेम कोमट होता. उष्णता सेलमध्ये नसून स्प्रिंगमध्ये निर्माण होत असेल, तर व्होल्टही तिथेच खर्च होत असणार.

तपासण्यासाठी चाचणी पुन्हा लावली आणि शेवटच्या काही मिनिटांत मल्टिमीटरच्या सुया थेट सेलच्या दोन्ही टोकांना टेकवल्या. चार्जर 2.80 दाखवून थांबण्याच्या क्षणी सेलवर प्रत्यक्षात 3.18 व्होल्ट होते. उरलेले 0.38 व्होल्ट गंजलेल्या स्प्रिंगवर आणि तिच्या जोडावर पडत होते, म्हणजे 1 अँपिअरच्या प्रवाहाला जवळपास 0.4 ओहमचा अडथळा होता. चार्जरच्या दृष्टीने सेल रिकामा झाला होता, प्रत्यक्षात त्याच्यात अजून शिल्लक होती.

म्हणून दुसऱ्या फेरीत डिस्चार्जचे काम इलेक्ट्रॉनिक लोडकडे दिले आणि चार तारांची जोडणी केली. यात दोन जाड तारा प्रवाह वाहून नेतात, तर दोन बारीक तारा फक्त व्होल्टेज वाचतात. बारीक तारांतून प्रवाह जवळजवळ जातच नसल्याने त्यांच्या जोडावर व्होल्ट पडत नाहीत आणि लोडला सेलच्या टोकांवरचा खरा आकडा दिसतो. प्रवाह 500 मिलिअँपिअर आणि थांबण्याची मर्यादा 2.75 व्होल्ट ठेवली, कारण या वर्गातील सेलची छापील क्षमता साधारणपणे क्षमतेच्या एक पंचमांश प्रवाहाने, म्हणजे सुमारे 520 मिलिअँपिअरने, मोजलेली असते. 1 अँपिअरने उतरवलेल्या सेलची तुलना त्या आकड्याशी करणे सेलवर अन्यायकारक आहे, आणि सेल जितका जुना तितका हा अन्याय मोठा. या फेरीत 2247 मिळाले.

तरीही एक गोष्ट खटकत होती. चार्जिंग अजून त्याच जुन्या चार्जरवर होत होते, आणि चार्ज झाल्यावर तासभर विश्रांती दिलेल्या सेलचे व्होल्टेज 4.13 भरले. कारण पुन्हा तीच स्प्रिंग. चार्जिंगच्या अखेरीस प्रवाह 100 मिलिअँपिअरपर्यंत घटलेला असतानाही तिच्यावर सुमारे 0.04 व्होल्ट पडतात, त्यामुळे चार्जरला 4.20 दिसतात तेव्हा सेल त्याखालीच असतो. थोडक्यात, एकच स्प्रिंग सेल भरताना वरून आणि रिकामा करताना खालून, अशी दोन्हीकडून क्षमता कापत होती.

तिसऱ्या फेरीसाठी सेल बेंच पॉवर सप्लायवर चार्ज केला. उघड्या जोडणीवर मल्टिमीटरने 4.20 व्होल्ट पक्के केले, प्रवाहाची मर्यादा 1 अँपिअर ठेवली आणि प्रवाह 50 मिलिअँपिअरवर आल्यावर चार्जिंग तोडले. सेल स्टीलच्या ताटात ठेवलेल्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये होता आणि हे सर्व होईपर्यंत मी खोलीतच बसून होतो. सप्लाय स्वतःहून थांबत नाही, हे लक्षात ठेवावे लागते. तासाभराच्या विश्रांतीनंतर 4.19 व्होल्ट भरले. त्यानंतरचा डिस्चार्ज 4 तास 47 मिनिटे चालला आणि लोडने 2390 दाखवले.

इथे थांबलो असतो तर 92 टक्के क्षमतेचा सेल मिळाल्याच्या आनंदात राहिलो असतो. मात्र लोडवरचे 500 खरोखर 500 आहेत का, हे पाहणे बाकी होते. मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या रेंजवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून 1 टक्का अचूकतेचा 0.1 ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून त्याच्यावरचे मिलिव्होल्ट मोजले. ते 48.9 भरले. याचा अर्थ प्रत्यक्ष प्रवाह 489 मिलिअँपिअर होता आणि लोड प्रत्येक तासाला 11 एमएएच फुकटचे मोजत होता. 2390 ला 0.978 ने गुणल्यावर 2337 येतात. घड्याळानेही हाच आकडा पडताळता येतो: 4 तास 47 मिनिटे गुणिले 489 मिलिअँपिअर म्हणजे सुमारे 2339.

रेझिस्टर आणि मल्टिमीटर यांची मिळून दीड टक्क्याची चूक धरली, तर या सेलची क्षमता 2300 ते 2375 एमएएच यांच्या दरम्यान आहे, म्हणजे छापील क्षमतेच्या सुमारे 90 टक्के. त्या दिवशी खोलीचे तापमान 31 अंश होते, तर डेटाशीटमधील मोजमापे साधारण 25 अंशांच्या आसपासची असतात. उबदार सेल थोडा उदार असतो, त्यामुळे मी मनात या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे झुकतो. 78 चे 90 झाले ते सेल सुधारला म्हणून नव्हे. पहिल्या फेरीत मी बऱ्याच अंशी चार्जरची स्प्रिंग मोजत होतो.

त्याच संचातील दुसऱ्या सेलने याच पद्धतीने 2290 दिले. केवळ क्षमता पाहिली तर दोघांना एकाच पॅकमध्ये समांतर जोडायला हरकत नव्हती. पण चाचणीनंतर दोन्ही सेल पूर्ण चार्ज करून, 4.19 व्होल्टवर, मी 21 दिवस कपाटात ठेवले होते. पहिला 4.17 वर आहे. दुसरा 3.98 पर्यंत उतरला आहे.

या घसरणीचा हिशेब बोलका आहे. 4.19 पासून 3.98 पर्यंत येताना अशा सेलमधील सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे साधारण 450 एमएएच, निघून जातो. तो 504 तासांत विभागला की 0.9 मिलिअँपिअरची अखंड गळती निघते. पाच तासांच्या क्षमताचाचणीत अशा गळतीने पाच एमएएचसुद्धा जात नाहीत, त्यामुळे ती कितीही काळजीपूर्वक केलेल्या चाचणीत दिसणार नाही. ती दाखवायला कपाटातले तीन आठवडेच लागतात. समांतर जोडणीत हा सेल शेजाऱ्यांना रात्रंदिवस रिकामे करत राहिला असता. टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्याच्या डब्यात ठेवला आहे. उरलेल्या चार सेलची चाचणी आता नव्या होल्डरवर सुरू आहे.