साडेसदतीस तासांचे बिल साडेतेरा तासांचे कसे झाले

मी पुण्यात राहून स्वतंत्रपणे तांत्रिक लेखन करते आणि बहुतेक कामांचे पैसे तासाच्या दराने घेते. सुरुवातीच्या काळात कामाचे तास डायरीत टिपून ठेवत असे. महिनाअखेरीस बेरजा करताना निम्मी रात्र जाई, म्हणून स्प्रेडशीट केली. दर नोंदीसाठी एक ओळ आणि त्या ओळीत तारीख, ग्राहक, प्रकल्प, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि केलेले काम, एवढेच रकाने तेव्हा होते.

पहिल्याच महिन्यात एका प्रकल्पाच्या तासांची बेरीज १३:३० अशी दिसली. मी ते साडेतेरा तास धरून ८०० रुपये दराने १०,८०० रुपयांचे बिल पाठवले. काम बरेच जास्त झाल्यासारखे वाटत होते, तरी कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवला. चार दिवसांनी डायरीशी ताळा केला तेव्हा खरे तास साडेसदतीस निघाले आणि बिल ३०,००० रुपयांचे व्हायला हवे होते, हे कळले. घोटाळ्याचे कारण असे की स्प्रेडशीट वेळ साठवते ती दिवसाचा अंश म्हणून, आणि बेरीज चोवीस तासांच्या पुढे गेली की घड्याळाप्रमाणे पुन्हा शून्यापासून मोजून दाखवते. रकान्याचे स्वरूप `[h]:mm` केले की ३७:३० दिसते, पण त्या आकड्याला थेट दराने गुणले तर रक्कम १,२५० येते, म्हणजे बरोबर चोविसाव्या हिश्श्याइतकी. त्यामुळे मी आता प्रत्येक ओळीतच वेळेचे दशांश तास करून घेते:

```
=ROUND(MOD(E2-D2,1)*24,2)
```

यातील `MOD` मुळे रात्री अकराला सुरू करून दीडला संपवलेले कामही उणे न येता अडीच तास येते. सुधारित बिल पाठवताना ग्राहकाला ओळीनिहाय नोंदी जोडून दिल्या. त्यांनी ते मान्य केले, पण तो फोन करताना मला फार अवघडल्यासारखे झाले होते.

दुसरा प्रश्न पाव तासांचा होता. आपण बोलताना सव्वा, दीड, पावणेदोन असेच बोलतो, म्हणून मी प्रत्येक नोंद पुढच्या पाव तासापर्यंत वाढवून लिहीत असे. पाच मिनिटांचे सहा फोन झाले की खऱ्या अर्ध्या तासाचा दीड तास होई, आणि एका ग्राहकाने त्यावर बोट ठेवले ते योग्यच होते. आता नोंदीत खरी मिनिटे ठेवते आणि महिन्याच्या शेवटी प्रकल्पाच्या एकूण तासांना एकदाच जवळच्या पाव तासापर्यंत आणते. हे कामाच्या करारातही लिहून ठेवले आहे.

दराची चूक मात्र बराच काळ लक्षात आली नव्हती. दर मी वेगळ्या पानावर ठेवून तेथून ओढून घेत असे. एका प्रकल्पाचा दर ८०० वरून ९०० केला तेव्हा मागच्या सगळ्या महिन्यांच्या रकमाही बदलल्या आणि पाठवलेल्या बिलांशी जुळेनाशा झाल्या. तेव्हापासून दर ज्या त्या ओळीत आकड्याने लिहिते, आणि ‘बिलपात्र : हो/नाही’ असा रकानाही जोडला आहे. महिन्याच्या गोषवाऱ्यासाठी पिव्हट टेबलात ग्राहक, प्रकल्प आणि दर अशी उतरंड लावते, म्हणजे महिन्याच्या मध्यात दर बदलला तर त्या प्रकल्पाच्या आपोआप दोन ओळी होतात.

एका महिन्याचा गोषवारा असा होता : नाशिकच्या ग्राहकाची माहितीपुस्तिका १८.२५ तास, दर ९००, रक्कम १६,४२५. त्याच ग्राहकाच्या संकेतस्थळाचा मजकूर ९.५ तास, दर १,०००, रक्कम ९,५००. म्हणून त्यांचे बिल २५,९२५ रुपयांचे. पुण्यातील ग्राहकाचे प्रशिक्षण साहित्य २२ तास, दर ८००, बिल १७,६००. महिन्याची एकूण बिले ४३,५२५ रुपयांची झाली. याखेरीज बिलात न येणारे पावणेबारा तास होते, कारण अंदाजपत्रके, पत्रव्यवहार आणि माझ्याच चुकांची दुरुस्ती यांचे पैसे मी लावत नाही. ते तास धरले तर हाती आलेला खरा दर ताशी सुमारे ७०८ रुपये पडतो, आणि पुढचे दर ठरवताना मी हाच आकडा पाहते.

नाशिकच्या ग्राहकाने १० टक्के टीडीएस कापल्यामुळे बँकेत २३,३३२.५० रुपये जमा झाले. बिलाची रक्कम आणि जमा रक्कम यांचे रकाने वेगळे ठेवले नसते, तर मी ती तूट थकबाकी समजून पुन्हा तगादा लावला असता.