वाकलेला टॉप आणि अडकलेला रिफंड: माझा अनुभव

मी ऑर्डरप्रमाणे लाकडी फर्निचर बनवतो. एका गिऱ्हाईक बाईंना जेवणाचं टेबल देऊन सात आठवडे झाले होते, तेव्हा त्यांचा मेसेज आला: "टेबल खराब निघालं. पूर्ण पैसे परत हवेत." सोबत चौदा फोटो. पहिले आठ-नऊ एका पांढऱ्या गोल डागाचे. गरम भांडं थेट पॉलिशवर ठेवलं की पडतो तसा तो डाग होता, आणि मला तो ओळखू आला. उरलेले फोटो मी भराभर सरकवून पाहिले. उत्तरात लिहिलं, "हा डाग वापरामुळे पडला आहे. शिवाय ऑर्डरचा माल परत घेतला जात नाही, बिलावर तसं लिहिलं आहे."

त्यानंतर सहा दिवस काहीच आलं नाही. मला वाटलं, पटलं असेल. सातव्या दिवशी कार्डाचे पेमेंट घेणाऱ्या कंपनीची सूचना आली: ग्राहकाने बँकेकडे तक्रार नोंदवली आहे, रक्कम रोखली आहे, नऊ दिवसांत उत्तर द्या. त्यांनी अर्धे पैसे ऑर्डर देताना बँक ट्रान्सफरने दिले होते आणि उरलेले अर्धे टेबल पोहोचल्यावर कार्डाने. वाद त्या दुसऱ्या अर्ध्याचा होता.

त्या रात्री मी चौदाही फोटो एकेक करून नीट पाहिले. शेवटच्या पाचांत डाग नव्हताच. टेबलावर आडवी ठेवलेली एक स्टीलची पट्टी होती, आणि मधोमध पट्टीच्या खालून उजेड दिसत होता. टॉपने बाक धरला होता. बाई मला ते सांगत होत्या आणि मी डागाला उत्तर देऊन मोकळा झालो होतो. आता त्यांच्या जागी बसून विचार केला तर चित्र सरळ होतं: टेबल वाकतंय, आणि बनवणारा म्हणतोय की तुम्ही भांडं ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आधी बँकेच्या तक्रारीचा विषय काढायचा नाही, हे मनाशी ठरवलं होतं. म्हटलं, "मॅडम, तुम्ही पट्टी लावून पाठवलेले फोटो मी पहिल्या वेळी नीट पाहिले नाहीत. मी फक्त डागाबद्दल बोललो. टॉप वाकलेला दिसतोय. मला येऊन मोजायचं आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतेय." आवाजात राग होता, पण बोलायची तयारीही होती. मी विचारलं, "तुम्हाला टेबल नकोच आहे, की असं वाकलेलं नको आहे?" त्या म्हणाल्या, "टेबल आवडलंच होतं हो. पण तुम्ही ऐकूनच घेणार नसाल तर मी पैसे तरी मागते."

पूर्ण रिफंडची मागणी बऱ्याच वेळा अशीच येते. ज्याला दुरुस्ती मिळेल याची खात्री उरलेली नसते, तो पैसे मागतो, कारण पैशांसाठी आपल्यावर भरवसा ठेवावा लागत नाही. म्हणून हा प्रश्न मी आता पहिल्याच बोलण्यात विचारतो. पैसे देणं टाळण्यासाठी मात्र विचारत नाही. उत्तर "नकोच" असं आलं, तर तेही तितक्याच सरळपणे ऐकायचं असतं.

घरी जाऊन मोजलं. टॉप साधारण एक मीटर रुंद. लाकडाच्या रेषांना आडवी सरळ पट्टी ठेवली तर मध्ये सात मिलीमीटर फट, दोन्ही कडा वर उचललेल्या. टेबलाखाली वाकून पाहिलं आणि कारण कळलं. वरच्या बाजूला पॉलिशचे चार हात होते, खालची बाजू जवळजवळ कोरी होती. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्यानुसार रेषांना आडवं फुगतं नि आकसतं. वरून बंद आणि खालून उघडं असलेलं लाकूड ओल्या हवेच्या दिवसांत खालून जास्त फुगतं, मग कडा वर येतात. त्यात टॉप खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूंनी आवळलेला होता, लाकडाला हलायला जागाच नव्हती. दोन्ही चुका माझ्या वर्कशॉपच्या होत्या.

मी त्यांनाही खाली वाकून बघायला सांगितलं आणि कोऱ्या लाकडावर हात फिरवायला लावला. म्हटलं, "ही चूक आमची. तो गोल डाग मात्र गरम भांड्याचा आहे, त्याचा या बाकाशी संबंध नाही." डागाबद्दल गप्प बसलो असतो तर त्या दिवशी सोपं गेलं असतं, पण पुढे तो डागही माझ्या खात्यावर राहिला असता. आणि बाकाबद्दल आधी कबूल केलं होतं, म्हणून डागाबद्दलचं माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. क्रम उलटा झाला असता तर तेच वाक्य त्यांना पळवाट वाटलं असतं. पहिल्या वेळी तसंच झालं होतं.

त्याच संध्याकाळी दोन पर्याय लिहून पाठवले. पहिला: टेबल मी माझ्या खर्चाने घेऊन जातो, पूर्ण रक्कम परत. दुसरा: चौकट तुमच्याकडेच राहील, टॉप मी नेतो. दोन आठवडे सगळ्या बाजूंनी हवा लागेल असा लाकडी पट्ट्यांवर ठेवतो, म्हणजे ओल सारखी होऊन बाक जितका आपोआप उतरेल तितका उतरेल. उरलेला रंध्याने काढतो, दोन्ही बाजूंना सारखेच हात देतो, आणि स्क्रूची भोकं लांबट करतो, म्हणजे लाकूड सरकू शकेल. पट्टीखालची फट एक मिलीमीटरच्या आत आली नाही तर नवा टॉप. तोपर्यंत त्याच चौकटीवर प्लायवूडचा तात्पुरता टॉप. पोहोचवणं आणि फिटिंगचे बिलात वेगळे लावलेले पैसे पूर्ण परत, शिवाय टेबलाच्या किमतीच्या दहा टक्के. पॉलिश नव्याने होणारच आहे, त्यात डागही जाईल, पण तो आमच्या कामाचा दोष नाही, हेही एका ओळीत लिहिलं.

दहा टक्के हा आकडा मी घासाघीस डोळ्यांसमोर ठेवून काढला नव्हता. काम पूर्ण करून मिळणारच होतं, म्हणून परतफेड त्यांच्या गैरसोयीची हवी होती: सात आठवडे खराब टेबल, पुढचे तीन आठवडे तात्पुरता टॉप, आणि माझं ते पहिलं उत्तर. आधी कमी सांगून मग वाढवलं असतं, तर त्यांनी तिसऱ्यांदाही मागितलं असतं आणि मला त्यांना दोष देता आला नसता. पहिला पर्यायही खरा होता. पूर्ण पैसे द्यावे लागले तर महिनाभर कसं निभेल, याचा हिशेब करूनच तो लिहिला होता. जो पर्याय निवडला गेला तर आपण पाळू शकणार नाही, तो कागदावर येऊ नये.

त्यांनी दुसरा पर्याय निवडला. खरी अडचण इथून पुढे होती, कारण बँकेतली तक्रार अजून उघडी होती. ती उघडी असताना मी कार्डावर वेगळा रिफंड दिला आणि बँकेनेही रक्कम त्यांना वळती केली, तर पैसे दोनदा जातात, आणि मग दोन बाजूंनी पत्रव्यवहार. मी मुदतीत उत्तरच दिलं नाही, तर वाद आपोआप माझ्या विरोधात जातो. पुरावे जोडून लढलो असतो, तर ज्यांच्या घरी मी खाली वाकून चूक दाखवली त्यांच्याशीच कागदावर भांडण झालं असतं. उरला मार्ग एकच, त्यांनी तक्रार मागे घेणं. मी तसं म्हटल्यावर त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला: "मी मागे घेतली आणि नंतर तुम्ही पैसे दिलेच नाहीत तर?"

मागे घेतलेली तक्रार बऱ्याचदा पुन्हा उघडता येत नाही. हे मीच त्यांना सांगितलं, आणि मागे घेण्याआधी बँकेला तसं विचारून घ्या असंही म्हटलं. मग लक्षात आलं की वाद कार्डाच्या अर्ध्यापुरताच आहे. ट्रान्सफरने आलेल्या ॲडव्हान्सवर कसलीच तक्रार नाही, आणि परत द्यायची रक्कम ॲडव्हान्सपेक्षा बरीच कमी आहे. म्हणून मी पाऊल आधी टाकलं. रक्कम त्यांच्या खात्यावर ट्रान्सफर केली, तपशिलात बिलाचा नंबर घातला, त्याच नंबराची क्रेडिट नोट पाठवली आणि त्याच दिवशी टॉप उचलून आणला. त्यांनी तक्रार मागे घेतली नसती तर मी अडचणीत आलो असतो. पण कोणीतरी आधी विश्वास टाकायला हवा होता, आणि चूक ज्याची, पाऊलही त्याचंच, असं मला वाटतं. तरी बँकेसाठीचं उत्तर तयार ठेवलं: फोटो, दोघांनी मान्य केलेला मजकूर, ट्रान्सफरची पावती. मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत काही हाललं नाही तर ते पाठवणार, हेही त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणजे पाठवावं लागलं तर पाठीमागून काही केलं असं वाटू नये.

मुदतीच्या सहाव्या दिवशी त्यांनी तक्रार मागे घेतल्याचं बँकेचं पत्र पाठवलं. पेमेंट कंपनीकडे वाद बंद दिसायला आणखी काही दिवस लागले. तोवर मी ते प्रकरण मिटलं असं धरलं नाही.

वर्कशॉपमध्ये टॉप पट्ट्यांवर ठेवला. मी दर चार दिवसांनी पट्टी लावलेला फोटो त्यांना पाठवत होतो, ज्या कोनातून त्यांनी पहिल्यांदा पाठवला होता त्याच कोनातून. सात मिलीमीटरचे पाच झाले, मग तीन, मग दोनवर थांबले. "आता हा अजून उतरणार नाही, उद्यापासून रंधा लावतो," असं कळवलं. जाडी दोन मिलीमीटरने कमी होईल, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालेल, पण कडेची गोलाई तशीच ठेवा." गेल्या महिन्याभरातलं ते पहिलं वाक्य होतं ज्यात वाद नव्हता, फक्त टेबल होतं.

फिटिंगला गेलो तेव्हा त्या स्वतःची स्टीलची पट्टी घेऊनच उभ्या होत्या. त्यांनीच ती आडवी ठेवली, डोळा टॉपच्या पातळीला आणून पाहिलं, मग दोन्ही टोकांना सरकवून पुन्हा पाहिलं. नंतर खाली बसून खालच्या पॉलिशवरून हात फिरवला. पुढच्या ओल्या हवेच्या दिवसांत पुन्हा येऊन मोजायचं मी कबूल केलं आहे, आणि ती तारीख त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही कॅलेंडरवर लिहिलेली आहे.